हॅलोकाकांची दोन मिनिटं

मुलीच्या रिसेप्शनला माइक हातात घेतलेला बाप आणि ब्रेक निकामी झालेला ट्रक यांत हॅलोकाका फारसा फरक करत नसत. ट्रक निदान कुठेतरी आदळून थांबतो, असं ते म्हणत.

त्यांना हे म्हणायचा अधिकार होता. सत्तावीस वर्षं ते हॉलच्या कोपऱ्यात, पडद्याच्या आडोशाला, आपल्या टेबलामागे बसत आले होते. टेबलावर आवाजाचा मिक्सर, मिक्सरवर सरकत्या खुंट्यांची रांग, पायाशी वायरींचं भेंडोळं आणि मांडीवर चहाचा कप. माइक तपासताना ते "हॅलो, हॅलो" म्हणत, म्हणून लोकांनी त्यांना हॅलोकाका केलं. खरं नाव मग फक्त विजेच्या बिलावर उरलं.

त्या हॉलमधल्या प्रत्येक रिसेप्शनला जेवण सुरू होण्याआधी मुलीच्या बापाने दोन मिनिटं बोलायचं, असं कार्यक्रमात लिहिलेलं असे. दोन मिनिटं. हॅलोकाकांनी सत्तावीस वर्षांत दोन मिनिटांत बसलेले बाप मोजले होते, ते चार निघाले. त्यांतल्या एकाचा तर सर्दीने आवाजच बसला होता.

बाकीचे काय करत? एक जण माइकवर टिचक्या मारत असे. दुसरा त्यात फुंकर घालत असे, जणू चूल पेटवायची आहे. तिसरा माइक पोटाशी धरून उभा राहत असे आणि मागचे लोक "आवाज, आवाज" म्हणून ओरडले की हॅलोकाकांकडे रागाने बघत असे. कागदावरून वाचणारे कागद माइकला घासत, त्यामुळे हॉलभर खरखर होई आणि त्या खरखरीत मुलीचं बालपण निघून जाई. काही जण आभारच मानत सुटत. मांडववाला, फुलवाला, आचारी, लांबून आलेले मेव्हणे, न आलेले मेव्हणे. आभार संपेपर्यंत मुलगी स्टेजवर बसल्या जागी प्रौढ होई.

आणि सगळ्यात वाईट बाप म्हणजे शेवटी मुलीकडे वळणारा. आशीर्वाद द्यायची वेळ आली की ह्या माणसाची मान वळे, माइक मात्र होता तिथेच राही. मग सगळ्या भाषणातलं एकमेव कामाचं वाक्य त्याच्या स्वतःच्या खांद्याला ऐकू जाई आणि हॉलला नाही. मागच्या रांगा एकमेकांना विचारत, काय म्हणाले, आणि कुणीतरी सांगे, संपलं बहुतेक, चला ताटं घेऊ.

हॅलोकाका स्टेजवर चढणाऱ्या प्रत्येक बापाला आधी बाजूला घेऊन सांगत, "हे बघा, माइक हनुवटीपासून चार बोटं. नजर शेवटच्या रांगेवर. एकच आठवण. तिच्यात एक दिवस हवा, एक जागा हवी, हातात धरता येईल अशी एक वस्तू हवी. मग एका वाक्यात आशीर्वाद, तोही मुलीला, पाहुण्यांना नाही. आणि खाली उतरायचं." बाप मान डोलावत आणि वर जाऊन स्वतःच्या वडिलांच्या नोकरीपासून सुरुवात करत. दहा मिनिटं उलटली की हॅलोकाका एक खुंटी किंचित वर सरकवत. माइक बारीक शिट्टी मारे. बाप दचके, वाक्य अर्धवट सोडून आशीर्वाद देऊन टाके. ह्या शिट्टीचा त्यांना फार अभिमान होता. लोकांची जेवणं वेळेवर होतात ती माझ्यामुळे, असं ते म्हणत, आणि हे खरंच होतं.

त्यांच्याकडे काळ्या पुठ्ठ्याची एक डायरी होती. प्रत्येक रिसेप्शननंतर ते तिच्यात दोन ओळी लिहीत: किती मिनिटं, कोणती आठवण, आशीर्वाद ऐकू आला की नाही. आठवणी मोजून सहा-सात होत्या, त्याच फिरून येत. सायकल. ताप. शाळेचा पहिला दिवस. बोट धरून रस्ता ओलांडणं. "बापांना स्वतःचं काही सुचतच नाही," ते घरी येऊन बायकोला सांगत. "सगळे एकाच दुकानातून आठवणी आणतात." बायको ऐकून घेई. ती सत्तावीस वर्षं ऐकून घेत होती आणि ह्या कामासाठी तिला कुणी माइक दिला नव्हता.

तर अशा ह्या माणसाच्या मुलीचं लग्न ठरलं.

लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "आता कसं दिसतं? आणि आता?" असं विचारायची आणि उत्तर नीट ऐकल्याशिवाय पुढचं भिंग लावायची नाही. मुलगा शाळेत गणित शिकवणारा, कमी बोलणारा. त्याचे वडील निवृत्त मुख्याध्यापक होते आणि घरातलं सगळं बोलणं त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. होणाऱ्या व्याह्यांना पहिल्यांदा भेटून आल्यावर हॅलोकाका एवढंच म्हणाले, "वीस मिनिटांच्या खाली येणार नाही हा माणूस."

रिसेप्शनच्या महिनाभर आधी तिघं जेवायला बसले असताना लेक म्हणाली, "आमच्या बाजूने आई बोलेल."

हॅलोकाकांचा घास हातातच राहिला. "आई? तिने कधी माइक धरलाय का?"

"धरेल की. हनुवटीपासून चार बोटं. मला पाठ आहे, तिलाही पाठ आहे."

"बाप बोलतो. सगळीकडे बापच बोलतो."

"सगळीकडे बाप बोलतो आणि तुम्ही घरी येऊन त्याची टिंगल करता."

"म्हणून तर. कसं बोलायचं असतं ते एकदा ह्या गावाला दाखवून देतो."

लेकीने आईकडे बघितलं. आईने भाताचं भांडं पुढे सरकवलं. तिला बोलायची हौस नव्हती आणि नवऱ्याचं तोंड उतरलेलं बघायचीही नव्हती.

"बरं," लेक म्हणाली. "दोन मिनिटं. एक आठवण आणि आशीर्वाद. पण बाबा, आठवण आपली हवी. तुमची आणि माझी. नसेल तर नुसता आशीर्वाद द्या आणि बसा. मी वाईट वाटून घेणार नाही."

खरं तर हे शेवटचं वाक्य कुठल्याही बापाला लागायला हवं होतं. हॅलोकाकांना त्याचं हसू आलं. ज्याने हजारभर बापांच्या आठवणी ऐकल्या, त्याला एक आठवण जमणार नाही? त्यांनी डाळ वाढून घेतली.

भाषण लिहायला त्यांना एक दुपार पुरली. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घेतला, कारण पातळ कागद वाजतो. एका बाजूला मोठ्या अक्षरात आठवण, दुसऱ्या बाजूला आशीर्वाद. मोजून एकशे नव्वद शब्द. घड्याळ लावून स्वतःशी वाचलं, एक मिनिट पन्नास सेकंद. दहा सेकंद त्यांनी टाळ्यांसाठी ठेवले. मग स्वयंपाकघरात येऊन कालथा माइकसारखा धरला आणि शेंगा सोलत बसलेल्या बायकोसमोर उभे राहिले.

"ती सात वर्षांची होती," त्यांनी सुरुवात केली. आवाज छान लागला होता. "लाल सायकल होती तिची. मी मागून सीट धरून धावत होतो. ती म्हणाली, बाबा, सोडू नका. मी म्हणालो, नाही सोडत. आणि मी सोडलं. ती वळणापर्यंत गेली, मग पडली. गुडघा फुटला. मी पावडरचा डबा घेऊन धावलो, तर ती हसत होती. आज मी पुन्हा एकदा सीट सोडतो आहे." इथे त्यांनी एक श्वास घेतला. श्वास कुठे घ्यायचा तेही कागदावर लिहिलेलं होतं.

बायको सोलायची थांबली. "छान आहे," ती म्हणाली. मग एक शेंग सोलून तिने विचारलं, "पण कुणाची आहे?"

"म्हणजे?"

"तिच्याकडे लाल सायकल कधी होती? सायकल ती शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंच्या पोरीबरोबर शिकली. त्यांचीच निळी सायकल. बाई मागे धावायच्या. मी गच्चीवरून बघत होते."

"मी होतो. मला आठवतंय ना. डबासुद्धा आठवतोय, पांढरा, निळ्या झाकणाचा."

"तो रविवार होता," बायको म्हणाली. "तुम्ही रविवारी कधी घरी होतात?"

हॅलोकाकांनी कालथा ओट्यावर ठेवला. बाई विसरभोळी झाली आहे, असं मनाशी म्हणत ते आत गेले आणि कपाटातून डायरी काढली. ती उघडायची गरज नव्हती खरं तर. पण माणूस अडला की कागद शोधतो. पानं मागे मागे गेली आणि पाच वर्षांपूर्वीच्या एका पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं: "दातांचे डॉक्टर. चौदा मिनिटं. लाल सायकल, मागे धावणारा बाप, गुडघा, पावडरचा डबा. मध्येच गळा भरला, मी आवाज वाढवला. आशीर्वाद ऐकू आला नाही."

दातांच्या डॉक्टरची सायकल. त्याचा डबा. निळं झाकण मात्र हॅलोकाकांनी स्वतःच्या पदरचं घातलं होतं.

ते बाहेर आले आणि घाईघाईने म्हणाले, "मग तापाची घेऊ. तिला ताप आला होता, मी कपाळावर पट्ट्या ठेवत बसलो होतो."

"पट्ट्या मी ठेवल्या. तुमचं कारखानदाराच्या मुलीचं रिसेप्शन होतं. ते सोडून येता येत नाही म्हणालात."

"शाळेचा पहिला दिवस?"

"माझा भाऊ सोडून आला."

बोट धरून रस्ता ओलांडण्याची आठवण त्यांनी विचारलीच नाही. ती कोणत्या बापाची होती हे त्यांना स्वतःलाच आठवलं. जाड, टक्कल असलेला, अकरा मिनिटं.

पुढचा आठवडा हॅलोकाकांनी भयंकर चिडचिडीत काढला. चहा पांचट होता, पंखा आवाज करत होता, शेजारचे लोक जोरात बोलत होते. ह्या सगळ्यात दोष कुणाचा हे घरात तिघांनाही ठाऊक होतं. हजार बापांच्या घरातलं यांना माहीत होतं. कुणाची मुलगी पावसात भिजून आजारी पडली, कुणी पहिल्या पगारात वडिलांना घड्याळ घेतलं, सगळं. स्वतःच्या घरातलं विचारलं तर यांच्याजवळ एवढंच होतं की मुलगी मोठी झाली. लोकांच्या रडण्याला नाकं मुरडणाऱ्या ह्या गृहस्थांना आता रडायलासुद्धा स्वतःचं असं काही सापडत नव्हतं. छान झालं, असं त्यांच्या डायरीतला प्रत्येक बाप म्हणाला असता.

"नुसता आशीर्वाद द्या आणि बसा," हे वाक्य त्यांना आता लागलं. महिनाभर उशिरा, पण लागलं. तिला माहीत होतं. तिने आईला बोलायला सांगितलं होतं ते उगीच नाही. आणि वाईट वाटून घेणार नाही म्हणाली, तेही खरंच होतं. वाईट वाटून घ्यायचं ते तिने कधीच संपवलं होतं.

रिसेप्शनच्या दिवशी सकाळी ते हॉलवर गेले. काही काम नव्हतं. लेकीने आवाजाचं काम दुसऱ्याला दिलं होतं, "त्या दिवशी तुम्ही खुर्चीत बसायचं" असं बजावून. तो दुसरा म्हणजे दाढीवाला. पस्तिशीचा गडी, ज्याला हॅलोकाका पाटीवाला म्हणत, कारण तो टेबलामागे न बसता हातात टॅबलेट घेऊन हॉलभर फिरत आवाज कमीजास्त करायचा. हॅलोकाकांच्या मते हा माणूस आवाज ऐकत नव्हता, बघत होता.

"डाव्या खांबाजवळ घुमतं," ते आल्या आल्या म्हणाले.

"काढलंय काका."

"मागच्या दोन रांगांना शब्द तुटके जातात."

"मग जाऊन बसा मागे आणि सांगा," दाढीवाला म्हणाला. तो तसा सभ्य होता. "मी बोलतो."

हॅलोकाका शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेले. खुर्च्यांवर अजून कापडं चढली नव्हती. स्टेजवर दाढीवाल्याने माइक तोंडाशी धरला आणि म्हणाला, "एक, दोन, तीन. एक, दोन, तीन."

हॅलोकाकांनी सवयीने हात वर केला. पंजा वर म्हणजे वाढव, पंजा खाली म्हणजे कमी कर, मूठ म्हणजे ठीक आहे. मूठ वळून झाली आणि हात तसाच हवेत राहिला.

कारण ह्या जागेवरून, ह्याच रांगेतून, त्यांनी ही मूठ दुसऱ्याच कुणाला तरी दाखवली होती. लेक आठ वर्षांची असताना वर्षभर रविवारी सकाळी ती त्यांच्याबरोबर हॉलवर येत असे. माइकपर्यंत हात पुरत नसे म्हणून सोड्याच्या बाटल्यांचं रिकामं खोकं पालथं घालून त्यावर तिला उभं करायचं. ती आकडे म्हणायची, हे शेवटच्या रांगेत उभे राहून ऐकायचे. आकड्यांचा तिला लवकरच कंटाळा आला. मग ती माइकमध्ये काहीबाही सांगायला लागली. शाळेतलं, मैत्रिणींचं, घरी कधी न बोललेलं. रिकाम्या हॉलमध्ये तिचं बोलणं चारी बाजूंनी येत असे. हॅलोकाका डोळे मिटून ऐकायचे. घुमतं का, फाटतं का, ‘प’ आणि ‘फ’ फुटतात का.

आणि एका रविवारी ती म्हणाली होती. काय म्हणाली ते त्यांना शब्दन् शब्द आठवलं. विसरले नव्हतेच ते. कानात राहिलं होतं, वापरलं नव्हतं एवढंच.

"काका, ठीक आहे ना?" दाढीवाल्याने स्टेजवरून विचारलं.

"ठीक आहे," हॅलोकाका म्हणाले आणि खाली बसले. खुर्ची स्टेजकडे पाठ करून आहे हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला.

संध्याकाळी हॉल भरला. लोक नटून आले होते आणि जेवणाच्या टेबलांकडे पाठ करून बसायचं सोंग करत होते. स्टेजवर उंच पाठीच्या दोन खुर्च्यांत नवरा-नवरी. आधी व्याह्यांना बोलावलं. मुख्याध्यापकांनी माइकवर तीन टिचक्या मारल्या, "येतोय का आवाज?" असं विचारलं आणि शिस्तीचं आयुष्यातलं स्थान ह्या विषयाला हात घातला. सातव्या मिनिटाला त्यांनी आभार मानायला घेतले. तेराव्या मिनिटाला आपल्या शाळेचा निकाल सांगितला, सलग अकरा वर्षांचा. मुलाचं नाव त्यात कुठेच आलं नाही. मुलगा खाली मान घालून बसला होता, त्याला ह्या तासाची सवय होती. पहिल्या रांगेतल्या हॅलोकाकांची बोटं मांडीवर आपोआप वर सरकली, खुंटी शोधत. पण खुंटी दाढीवाल्याकडे होती आणि दाढीवाला सभ्य होता. एकोणीस मिनिटं.

मग हॅलोकाकांचं नाव पुकारलं. खरं नाव. अर्ध्या लोकांना कळलंच नाही कोणाला बोलावलं ते.

ते वर गेले. कोटाच्या खिशात तो जाड कागद होता, दातांच्या डॉक्टरची सायकल असलेला. नवीन काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी लेकीकडे बघितलं नाही. बघायचं नसतं. तिने मात्र त्यांच्याकडे बघितलं, आणि मग खिशाकडे. बायको पहिल्या रांगेत पर्स दोन्ही हातांनी धरून बसली होती.

त्यांनी माइक हनुवटीपासून चार बोटं धरला. नजर शेवटच्या रांगेवर ठेवली.

"नमस्कार. मी मुलीचा बाप. ह्या हॉलमध्ये सत्तावीस वर्षं मी बापांची भाषणं ऐकली आणि सगळ्यांना नावं ठेवली. तुमच्यातले काही जण समोर बसले आहेत. आज माझी पाळी आहे."

लोक हसले. दातांचे डॉक्टर सगळ्यात मोठ्याने हसले.

"एकच आठवण सांगतो. ही आठ वर्षांची होती. रविवारची सकाळ होती, हाच हॉल, रिकामा. ती इथे, मी उभा आहे तिथेच, सोड्याच्या पालथ्या खोक्यावर उभी होती. मी तिकडे, शेवटच्या रांगेत. आम्ही आवाज तपासत होतो. ती माइकमध्ये म्हणाली, बाबा, आज घरी जेवायला थांबाल का? मला तुमच्या शेजारी बसून जेवायचंय."

बायकोने पर्स मांडीवर ठेवली.

"मी तिला ओरडून सांगितलं, आवाज जाड येतोय, एक पाऊल मागे सरक. ती खोक्यावरून उतरली, खोकं मागे ओढलं, पुन्हा वर चढली. आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली. तसंच. मी तिला मूठ दाखवली. आमच्यात मूठ म्हणजे आवाज ठीक आहे. आणि मी वायर गुंडाळायला गेलो."

त्यांना इथे श्वास घ्यायचा नव्हता, पण घ्यावा लागला. तो सगळ्या हॉलला ऐकू गेला.

"मला शब्द ऐकू आले होते. कान माझे चांगले आहेत, तेव्हाही होते. मी उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारपासून ती फक्त एक, दोन, तीन म्हणायला लागली. नंतर यायची बंद झाली."

आता आशीर्वाद. एक वाक्य, तेही मुलीला. सत्तावीस वर्षं हजार बापांना सांगितलेलं सगळं त्यांच्या डोक्यात नीट होतं, आणि हॅलोकाकांची मान वळली. त्यांनी लेकीकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती. त्यांचे ओठ हलले. माइक होता तिथेच राहिला, शेवटच्या रांगेकडे तोंड करून, रिकामा.

मागे कुणीतरी विचारलं, "काय म्हणाले?"

"आशीर्वाद असेल. संपलं बहुतेक."

दोन खुर्च्या सरकल्या. एक जण ताटांच्या दिशेने निघालासुद्धा. दाढीवाल्याने आवाज वाढवायला टॅबलेटवर बोट वर ओढलं, तेव्हा माइकने बारीक शिट्टी मारली. हॅलोकाकांना ती शिट्टी ओळखीची होती. आयुष्यात पहिल्यांदा ती समोरून ऐकू आली आणि फार वाईट वाटली. ते खाली उतरायला निघाले. त्यांनाही वाटलं होतं की संपलं.

लेकीने हात वर केला. खांद्याएवढा, पंजा वर.

वाढव.

हॅलोकाका थांबले. सगळा हॉल त्या हाताकडे बघत होता आणि कुणाला काही कळत नव्हतं. बायकोला कळलं. दाढीवाल्यालाही कळलं, त्याने शिट्टी काढून टाकली. मुख्याध्यापकांनी शेजाऱ्याला विचारलं, "काय चाललंय हे?" आणि त्यांच्याच मुलाने त्यांना स्टेजवरून हाताने गप्प केलं.

ह्या वेळी हॅलोकाका वळले तेव्हा माइक बरोबर घेऊन वळले. चार बोटं, मोजून. लेकीकडे बघत त्यांनी परत म्हटलं. आवाज फाटला होता, घुमत होता, कुठल्याही हॉलमध्ये त्यांनी असा आवाज पास केला नसता.

"बाळा, तुमच्या घरात कुणी काही विचारलं, तर त्याला उत्तर मिळो."

ते मुठीची वाट बघत उभे राहिले. हक्क नव्हता, तरी वाट बघत होते. मुलीने मूठ दाखवली असती तर ती त्यांचीच त्यांना परत मिळाली असती आणि त्यांना तक्रार करता आली नसती.

तिने हात खाली घेतला.

"ऐकलं," ती म्हणाली. तिच्याजवळ माइक नव्हता, त्यामुळे हे फक्त स्टेजवरच्या तिघांना ऐकू आलं. "बाबा, आज जेवायला थांबाल का? माझ्या शेजारी?"

"हो," हॅलोकाका म्हणाले. माइक अजून तोंडाशीच होता, त्यामुळे तेवढं शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.